रस्त्याला नोटीस

‘चराच्या मूळ जागेवर विनापरवाना पसरल्याप्रकरणी महापालिकेने आज एका रस्त्याला नोटीस बजावली.’

हे वाक्य दूरदर्शनवर सातच्या बातम्या वाचल्या जायच्या त्या आवाजात वाचून पाहा. कुठल्याही शब्दावर जोर नको, भुवई उचलायची नाही आणि ‘रस्त्याला’ या शब्दाच्या आधी थांबायचं नाही. नीट वाचलं तर ऐकणारा पहिल्या क्षणी मान डोलावतो आणि मग हसतो. त्या दोन क्षणांमधलं अंतर हेच खोट्या बातमीपत्राचं सगळं कसब आहे. नाटकात किंवा गप्पांमध्ये विनोद येणार हे आपल्याला माहीत असतं. इथे तो शेवटच्या घडीपर्यंत बातमीच्या कपड्यांत लपलेला असतो.

या प्रकाराला बराच इतिहास आहे. १९५७च्या १ एप्रिलला बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या गंभीर कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधलं एक कुटुंब झाडावरून स्पगेटीचं पीक उतरवताना दाखवलं गेलं. निवेदन रिचर्ड डिंबलबी यांचं होतं. ब्रिटनमधल्या मोठमोठ्या राष्ट्रीय प्रसंगांचं वर्णन ज्या आवाजात होत असे, त्याच आवाजात त्यांनी स्पगेटीचं पीक कसं जपावं लागतं ते सांगितलं. स्पगेटीचं झाड कसं लावायचं, असं विचारणारे फोन नंतर बीबीसीला आले. पुढे १९९४ साली बीबीसीवरच ख्रिस मॉरिस आणि आर्मांदो यानुची यांनी ‘द डे टुडे’ ही सहा भागांची मालिका केली. तिने बातमी वाचण्याच्या ढंगाचं विडंबन केलंच, पण त्याबरोबर बातमीपत्राच्या अंगावरचे दागिने, म्हणजे शीर्षकसंगीत, फिरते नकाशे आणि आलेख, यांनाही हात घातला. अमेरिकेत १९८८ साली सुरू झालेल्या ‘द ओनियन’ या नियतकालिकाने आणखी एक वाट दाखवली. सामान्य माणसाची अगदी किरकोळ अडचण राष्ट्रीय महत्त्वाच्या बातमीच्या भाषेत लिहायची, ही ती वाट. आपल्याकडे सायरस बरोचा यांचा ‘द वीक दॅट वॉजन्ट’ हा कार्यक्रम अनेकांना आठवत असेल. पण तो मुख्यतः राजकारण आणि चर्चेतल्या व्यक्तींवर चालायचा. शहरातल्या रोजच्या जाचावर, म्हणजे खोदलेल्या रस्त्यावर, न थांबणाऱ्या रिक्षावर किंवा फुटपाथवरच्या गाड्यांवर बातमीपत्र लिहायचं, तर त्याची पद्धत वेगळी असते. इथे टीका करायला ओळखीचा चेहरा मिळत नाही. समोर असते ती व्यवस्था, आणि तिला चेहरा नसतो.

माझं म्हणणं एकच आहे. अशा बातमीपत्रात खोटं एकच असावं, बाकी सगळं खरं असावं. ते एक खोटंसुद्धा असं हवं, की खऱ्या कारभारात जे दडलेलं आहे तेच त्याने उघडं करावं. खोदलेल्या चराची बातमी लिहायला घेतली तर हे कसं घडतं ते पाहू.

सुरुवात कागदावर होत नाही, ती चरापाशी होते. आपण रोज ज्याला शिव्या देतो त्याची आपल्याला फारशी माहिती नसते, आणि माहितीशिवाय लिहिलेली विडंबनं ‘महापालिका झोपली आहे’ याच्या पुढे जात नाहीत. रस्त्याखाली पाण्याची वाहिनी असते, मलवाहिनी असते, विजेच्या आणि इंटरनेटच्या केबल असतात, हल्ली गॅसची वाहिनीही असते. यांतली प्रत्येक गोष्ट वेगळ्या खात्याची किंवा कंपनीची. ज्याला खोदायचं आहे तो महापालिकेकडे अर्ज करतो, रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क भरतो, परवानगी घेतो आणि चर खणतो. चर बुजवताना माती आणि खडी थराथरांनी टाकून प्रत्येक थर नीट दाबायला हवा. तसं न करता खणलेला ढीग एकदम आत लोटला आणि वरून डांबराचा किंवा पेव्हर ब्लॉकचा थर दिला, तर पहिल्या मोठ्या पावसात आतली माती बसते. मग रस्त्याच्या मधोमध लांबलचक खळगा तयार होतो. चर नीट भरला होता की नाही हे नंतरही ओळखता येतं. खड्डा गोल आणि वेडावाकडा असेल तर तो बहुतेक पाण्याने आणि वाहनांनी पाडलेला असतो. तो सरळ रेषेत, सारख्याच रुंदीने लांबवर जात असेल, तर तो खचलेला चर समजावा.

आता जबाबदारीचं पाहा. नव्या रस्त्याला ‘दोषदायित्व कालावधी’ असतो. या काळात रस्ता बिघडला तर ठेकेदाराने तो पदरमोड करून दुरुस्त करायचा असतो. मध्येच दुसऱ्या कुणी तो रस्ता खणला की ठेकेदार म्हणतो, माझं काम चांगलंच होतं, बिघाड खणणाऱ्याने केला. खणणारा म्हणतो, मी शुल्क भरलं आहे. शुल्क घेणारं खातं म्हणतं, निविदा निघायची आहे. यांतल्या प्रत्येकाकडे दाखवायला कागद असतो. रस्त्याला मात्र धनी उरत नाही.

हे समजलं की बातमीचं बीज हाताशी येतं. या सगळ्या प्रकरणात रीतसर अर्ज, परवानगी, शुल्क आणि पावती कशाची आहे? चराची. रस्त्याच्या बाजूने कुणी काही भरलेलं नाही. मग कागदोपत्री खरा हक्कदार चर झाला आणि रस्ता ठरला अतिक्रमण. हेच आपलं एकमेव खोटं. ते हास्यास्पद आहे, पण मनगढंत नाही. खऱ्या कागदांवर एक पाऊल पुढे टाकलं की माणूस तिथेच पोचतो.

या बीजापर्यंत येण्याआधी हाताशी आलेली बरीच बीजं टाकून द्यावी लागतात. खड्ड्याचा वाढदिवस, खड्ड्यात झाड लावणं, खड्ड्याला नेत्याचं नाव देणं या सगळ्या गोष्टी आपल्या शहरांत लोकांनी आंदोलन म्हणून खरोखर केलेल्या आहेत. त्यांचे फोटोही छापून आलेले आहेत. जे प्रत्यक्षात होऊन गेलं ते विडंबनात लिहिलं तर ते जुनी बातमी वाटतं. दुसरं एक बीज मोहात पाडतं: चरात मगर सापडली. मगर मजेदार आहे, पण ती कारभाराबद्दल काहीच सांगत नाही. ती कुठल्याही शहरात, कुठल्याही खड्ड्यात सोडता येते. जे कुठेही चालतं ते इथे नको.

आता संहिता. बातमी वाचण्याचा वेग मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे शब्दांचा असतो. म्हणजे तीन मिनिटांच्या बातमीपत्राला जेमतेम चारशे शब्द पुरतात. कागदाचे उभे दोन भाग करायचे. डावीकडे पडद्यावर काय दिसेल ते, उजवीकडे काय ऐकू येईल ते. इथे वाचायला सोपं जावं म्हणून ते एकाखाली एक देतो.

अँकर: नमस्कार. चराच्या मूळ जागेवर विनापरवाना पसरल्याप्रकरणी महापालिकेने आज एका रस्त्याला नोटीस बजावली. सात दिवसांच्या आत स्वखर्चाने जागा रिकामी न केल्यास रस्त्यावर नियमानुसार कारवाई करण्यात येईल, असं नोटिशीत म्हटलं आहे.

(अँकरच्या खांद्यामागे चौकटीत रस्त्याचं छायाचित्र, पासपोर्टच्या आकाराचं. खाली पट्टी: ‘रस्ता, संबंधित पक्ष’.)

निवेदन: हा चर जानेवारीत पाण्याच्या वाहिनीसाठी खोदण्यात आला. त्यानंतर तो केबलसाठी, गॅसच्या वाहिनीसाठी आणि पहिली वाहिनी नेमकी कुठे टाकली होती हे पाहण्यासाठी पुन्हा खोदण्यात आला. जानेवारी ते मे या काळात चर एकशे बारा दिवस अस्तित्वात होता, तर रस्ता केवळ एकोणचाळीस दिवस. त्यामुळे जागेचा ताबा चराकडेच असल्याचं प्रथमदर्शनी निदर्शनास आलं आहे.

वार्ताहर (खांद्यापासून वरचाच भाग दिसतो. कोपऱ्यात आकडा: ‘पृष्ठभागापासून ४ फूट खाली’): मी आत्ता मूळ चरात उभा आहे. माझ्या दोन्ही बाजूंना दिसतो आहे तो अतिक्रमित भाग. स्थानिकांच्या म्हणण्यानुसार रस्ता इथे अधूनमधून येतो, पण मुक्कामाला राहत नाही.

अभियंता: चर हे आमचं कायमस्वरूपी काम आहे. रस्ता ही तात्पुरती सोय होती. नागरिकांनी तिची सवय लावून घेतली, त्याला आमचा नाइलाज आहे.

ज्येष्ठ नागरिक: दूध आणायला गेलो तेव्हा रस्ता होता. परत आलो तेव्हा चर होता. दूध चांगलं आहे.

अँकर: दरम्यान, नोटीस रस्त्यावर डकवण्यात आली असून ती डकवण्यासाठी आवश्यक ती खोदाई उद्यापासून हाती घेण्यात येईल.

यातल्या एका आकड्याकडे लक्ष वेधतो. जानेवारी ते मे मिळून १५१ दिवस होतात, आणि ११२ अधिक ३९ म्हणजे १५१. प्रेक्षक घरी बसून बेरीज करणार नाही, पण लिहिणाऱ्याने ती करायचीच. आकडे जुळले की वाक्याला बातमीचं वजन येतं. ‘चर हजारो दिवस होता’ असं लिहिलं तर ती तक्रार वाटते. ‘एकशे बारा’ म्हटलं की कुणीतरी वहीत नोंद ठेवली आहे असं वाटतं, आणि अतर्क्य गोष्टीची इतकी चोख नोंद कुणी ठेवली असेल या विचारानेच हसू येतं.

ज्येष्ठ नागरिकाचं आधीचं वाक्य वेगळं होतं: ‘परत आलो तेव्हा चर होता. आता मी अलीकडच्या सोसायटीत राहतो.’ वाचनात त्याला मोठा हशा मिळतो. तरीही ते काढावं लागतं, कारण ते दुसरं खोटं आहे. माणूस चरामुळे घर बदलतो हे मान्य केलं की प्रेक्षकाला कळतं, इथे काहीही घडू शकतं. मग आधी येऊन गेलेलं अभियंत्याचं म्हणणंही तो गांभीर्याने घेत नाही, आणि सगळ्या बातमीचा गाभा अभियंत्याच्याच वाक्यात आहे. ‘दूध चांगलं आहे’ हे वाक्य हशाला कमी पडतं, पण ते खरं आहे. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभा राहिलेला माणूस असं काहीतरी बोलून जातो.

अँकरच्या पहिल्या वाक्याची घडण पुन्हा पाहू. ‘मूळ जागेवर विनापरवाना पसरल्याप्रकरणी’ हे आधी येतं. ऐकणाऱ्याच्या मनात टपरी, हातगाडी किंवा बंगल्याची वाढवलेली भिंत उभी राहते. मग ‘महापालिकेने आज’ म्हणजे ओळखीची वाट. त्यानंतर ‘एका रस्त्याला’, आणि लगेच ‘नोटीस बजावली’. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे धक्का देणाऱ्या शब्दानंतरही वाक्य पुरं करावंच लागतं. अँकरने हाच फायदा घ्यायचा. ‘रस्त्याला’ म्हणून तो थांबला तर त्याने प्रेक्षकाला हसायची परवानगी मागितल्यासारखं होतं. न थांबता ‘नोटीस बजावली’पर्यंत गेला तर त्याच्या दृष्टीने काही विशेष घडलेलंच नसतं. जोर द्यायचाच असेल तर तो खरा वृत्तनिवेदक देईल तिथे द्यावा. या बातमीत ती जागा ‘सात दिवसांच्या आत’ ही आहे, कारण नोटिशीत महत्त्वाची असते ती मुदत.

सरकारी मराठीत कर्ता नसलेली वाक्यं भरपूर असतात: खोदण्यात आला, निदर्शनास आलं आहे, कारवाई करण्यात येईल. कुणी खोदला, कुणाच्या निदर्शनास आलं, हे त्यात कुठेच नसतं. ही भाषा वाढवून लिहायची गरज नाही. खऱ्या जाहीर सूचना गोळा कराव्यात, वाचाव्यात आणि तशाच वापराव्यात. ‘काम प्रगतीपथावर आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हा फलक आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. बातमीत तो जसाच्या तसा दाखवला तरी काम होतं, फक्त तो चराच्या तोंडी गेला पाहिजे.

वाचनात बहुतेक नवी मंडळी एकाच ठिकाणी घसरतात. आजच्या वाहिन्यांवरचा आरडाओरडा, धावती संगीतपट्टी आणि ‘सर्वांत मोठी बातमी’ यांची नक्कल करणं सोपं असतं आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात ते हसवतंही. पण ती नक्कल वाहिनीची होते आणि चर बाजूला पडतो. नागरी जाचाच्या बातमीला शांत आवाजच लागतो असं माझं ठाम मत आहे. ओरडणारा अँकर लोकांचा संताप आपल्या अंगावर घेतो. शांत अँकर तो प्रेक्षकाकडे ठेवतो. दोन वाचनं करून पाहावीत. ज्यात वाचणाऱ्याला आपण विनोद सांगतो आहोत याची आठवण राहिलेली दिसते, ते टाकून द्यावं. ती आठवण ओठांच्या कोपऱ्यात दिसते. आवाजातही कळते, कारण गंमतीच्या शब्दाआधी वाचणारा किंचित श्वास धरतो.

आता चित्रांकडे येऊ. बातमीपत्राच्या जगात पडद्याखालच्या नावाच्या पट्टीला अ‍ॅस्टन म्हणतात, तळाशी सरकणाऱ्या ओळीला टिकर, आणि आलेख-नकाशांना सरसकट ग्राफिक. ‘द डे टुडे’मध्ये आर्थिक बातम्या सांगणारी एक निवेदिका होती. ती बाजारातली उलथापालथ दाखवायला चलनाची किडनी पडद्यावर आणायची. किडनीचा आणि चलनाचा संबंध काय, हे कुणी सांगत नसे. पण ते ग्राफिक खऱ्या बातमीपत्रातल्या ग्राफिकइतक्याच सफाईने फिरत असे आणि निवेदिका शेअर बाजार वाचावा तसं ते वाचत असे. यातून घ्यायचं ते हे की अतर्क्य चित्र नीटनेटकं असावं लागतं. वेडीवाकडी अक्षरं, हसरे चेहरे, फुगे आणि भोंग्याचे आवाज आले की चित्रच अँकरच्या आधी हसून मोकळं होतं.

चराच्या बातमीसाठी स्तंभालेख काढू. शीर्षक: ‘परिसराचा विकास (फुटांत)’. आडव्या रेषेवर तीन नावं: पाणी, केबल, गॅस. शून्य मात्र वरच्या टोकाला, आणि स्तंभ खाली जातात. पाणी ५, गॅस ४, केबल ३. रंग सरकारी सादरीकरणात असतात तसे फिकट निळे आणि केशरी. अँकर म्हणतो, ‘आलेखात दिसतं आहे त्याप्रमाणे विकासाने या वर्षी पाच फुटांची पातळी गाठली.’ मापं खरी असू शकतात, आलेखाची पद्धत रूढ आहे, अक्षर सुबक आहे. चुकलेलं फक्त एक आहे, आणि ते म्हणजे कशाला विकास म्हणायचं. हे ग्राफिक संहितेच्या एकमेव खोट्याचंच चित्र आहे, म्हणून ते टिकतं. पाण्याच्या स्तंभातून मासा उडी मारतो असं केलं तर तो मासा चांगला दिसेल, पण तो मगरीचाच भाऊ.

टिकरवर मोठे विनोद घालू नयेत. बातमी ऐकताना प्रेक्षकाचा अर्धा डोळाच तिथे असतो. तिथे सौम्य आणि जवळजवळ खरी वाक्यं शोभतात: ‘पूर्वेकडील नागरिकांचा पश्चिमेकडील नातेवाइकांशी दूरध्वनीवरून संपर्क’, ‘चरालगतच्या दुकानांची वेळ फळी उपलब्ध असेपर्यंत’. दुसरं वाक्य तर विडंबनही नाही. खोदकामाच्या दिवसांत दुकानात शिरायला फळी टाकतात, ती संध्याकाळी उचलली की गिऱ्हाईक बाहेरच राहतं.

चित्रीकरणाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. वार्ताहराने खऱ्या चरात उतरू नये. पावसात चराच्या कडा ढासळतात आणि आत वीज किंवा गॅसची वाहिनी उघडी असू शकते. मातीच्या ढिगामागे स्टुलावर बसून कॅमेरा खाली ठेवला की खांद्यापासून वरचाच भाग दिसतो. चार फुटांची खोली कोपऱ्यातला आकडा दाखवतोच. आणि चरात काम करणारे मजूर चौकटीत येत असतील तर चौकट हलवावी. ते तिथे कुणाच्या तरी परवानगीने, रोजंदारीवर, पायात बूट नसताना उभे असतात. बातमीतला विनोद त्यांच्या अंगावर पडला तर ते विडंबन राहत नाही, दुबळ्याची टिंगल होते. हाच नियम रिक्षावाल्यावरच्या किंवा फेरीवाल्यावरच्या बातमीला लावावा. निर्णय कुणाच्या टेबलावर झाला, हे विचारायचं आणि रोख तिकडे वळवायचा.

आणखी एक मोठी अडचण म्हणजे लोकांना बातमी खरी वाटणं. चांगलं वाचन झालं की हा धोका वाढतोच. २००२ साली ‘बीजिंग इव्हनिंग न्यूज’ या चिनी दैनिकाने ‘द ओनियन’ची एक बातमी खरी समजून छापली होती. उघडझाप करणारं छप्पर असलेली नवी इमारत मिळाली नाही तर अमेरिकी काँग्रेस वॉशिंग्टन सोडून जाईल, अशी ती बातमी होती. आज तर तीन मिनिटांच्या बातमीपत्रातली वीस सेकंदं कापून कुटुंबाच्या गटात पाठवायला कुणालाच वेळ लागत नाही. म्हणून ‘विडंबन’ हा शब्द फक्त सुरुवातीला नको. तो पूर्ण वेळ पडद्याच्या अशा कोपऱ्यात हवा, की चौकट कापली तरी तो कापला जाणार नाही. वाहिनीचं नाव आणि बोधचिन्ह स्वतःचं असावं. खऱ्या वाहिनीचा लाल-पांढरा पट्टा जसाच्या तसा उचलू नये. खरा अधिकारी आणि खरा प्रभाग नावानिशी आणू नये. तोंडी घातलेलं खोटं वाक्य बदनामीच्या कक्षेत जाऊ शकतं आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ विनोदासाठी वेगळी खिडकी ठेवत नाही.

काही विषय तर मुळातच वर्ज्य मानावेत. शाळांना सुट्टी, लोकल बंद, पाणी दूषित, धरणातून विसर्ग, दवाखान्याच्या वेळा. या बातम्या ऐकून लोक हसत नाहीत, ते उठून काहीतरी करतात. कुणी मुलाला घरी ठेवतं, कुणी पाणी ओतून टाकतं, कुणी कामावर जात नाही. रस्त्याला नोटीस आली असं ऐकून कुणाच्या दिवसात काही बिघडत नाही. जाचावर लिहावं, पण नवा जाच निर्माण करू नये.

विडंबनाला खरा कारभार कसा उत्तर देतो, याचं एक उदाहरण मुंबईतलं आहे. २०१७च्या पावसाळ्यात रेडिओ निवेदिका मलिष्का हिने खड्डे आणि महापालिकेवर ‘सोनू’च्या चालीत गाणं केलं. ते प्रचंड गाजलं. नगरसेवकांच्या बाजूने अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी झाली. मग महापालिकेच्या पथकाने तिच्या घराची पाहणी केली, डासांच्या अळ्या सापडल्याचं जाहीर केलं आणि नोटीस निघाली. ते बातमीपत्र नव्हतं, गाणं होतं. पण बातमीपत्र लिहिणाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याने कल्पनेने लिहिलेली नोटीस आणि प्रत्यक्ष निघणारी नोटीस यांच्यात फार अंतर नसतं. म्हणूनच त्याने आपल्या कागदातला प्रत्येक तपशील तपासून घ्यावा.

हा तपास हसणाऱ्या मित्रांकडून होत नाही. संहिता पुरी झाली की ती अशा कुणाला तरी वाचून दाखवावी, ज्याची हयात विभाग कार्यालयात कागद पुढे सरकवण्यात गेली आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त लिपिक आहेत. रस्त्याची नोटीस ऐकून त्यांनी आधी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘जावक क्रमांक कुठे आहे?’ मग ते सांगत गेले. नोटिशीवर क्रमांक आणि दिनांक असलाच पाहिजे. ज्याला नोटीस द्यायची तो जागेवर सापडला नाही तर ती दर्शनी भागावर डकवतात आणि दोन पंचांच्या सह्यांनी पंचनामा करतात. ‘तुमचा रस्ता सापडला की नाही सापडला, ते आधी ठरवा,’ असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. त्यानंतर अँकरचं शेवटचं वाक्य बदललं: ‘नोटीस देण्यासाठी गेलेल्या पथकाला रस्ता जागेवर आढळून आला नाही, त्यामुळे ती दोन पंचांसमक्ष चराच्या दर्शनी भागावर डकवण्यात आली.’